ओलीची रेघ

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. पांढऱ्या कपड्यातली माणसं मैदानावर बसली आहेत, मागे पिंपळ, आणि सगळ्यांचे चेहरे एका बाजूला वळलेले. दीक्षेच्या दिवसाचं ते चित्र. काढलं होतं आमच्याच वस्तीतल्या पेंटरकाकांनी, आणि त्यांनी त्यात माणसं घातली होती तीही आमच्याच वस्तीतली. लोक वंदनेला यायचे आणि वंदना झाली की आपापले आजे, मामे, सासवा भिंतीवर शोधायचे. माझी आई त्यात होती. तिला तिचं नाक पटत नव्हतं, पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती तिथे नेऊन उभं करायची.

बाया पुढे बसल्या होत्या, म्हणजे चित्रात सगळ्यात खालच्या ओळीत. त्या ओळीत डावीकडे एक तरुण बाई होती. ती पेंटरकाकांची बायको. दीक्षेनंतर थोड्याच वर्षांत ती बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. आमच्याकडे फोटो काढायचे ते लग्नात, आणि यांच्या लग्नात फोटोवाला आलाच नाही, अशी ती गोष्ट काका हसत सांगायचे. तेव्हा तिचं तोंड जगात कुठे उरलं असेल तर त्या भिंतीवर. काका रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत. तिच्याकडे टक लावून बघत असं नाही. बिडी न पेटवता बोटात फिरवत बसायचे, बस्स.

ती इमारत मुळात विहार नव्हतीच. इंग्रजांच्या काळातलं कापसाचं गोदाम होतं ते. जाडजूड विटांच्या भिंती, चुन्यातलं बांधकाम, वर कवेलू, म्हणजे कौलं. वस्तीनं वर्गणी काढून ते घेतलं, आतून चुन्याचा गिलावा केला, वर पांढरी सफेदी, आणि त्या सफेदीवर काकांनी सरस घालून भुकटीच्या रंगात चित्र काढलं. चित्राखाली छातीएवढी भिंत मोकळी ठेवली होती, माणसं टेकून बसतात म्हणून. त्या मोकळ्या भिंतीत गुडघ्याच्या जरा वर एक मातकट रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघेच्या खाली भिंत गार, वर कोरडी. रेघेवर पांढरी लव फुटायची, लोणा. बसणाऱ्यांच्या पाठी पांढऱ्या व्हायच्या आणि बाया पदर झटकत घरी जायच्या. यापलीकडे त्या रेघेचा कोणाला काही त्रास नव्हता.

सत्तरच्या दशकात मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो. वस्तीतला पहिला. त्याचा परिणाम असा झाला की कोणाच्या चुलीचा धूर बाहेर जात नसला तरी मला बोलावणं यायचं. मी रस्त्याच्या मुरमाची मोजमापं घेणारा माणूस, पण "आपला इंजिनियर" म्हटलं की झालं. त्यामुळे एका जयंतीच्या आधी विहाराच्या अध्यक्षांनी मला बोलावून भिंत दाखवली, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

"पाहुणे येऊन राहिले औंदा," अध्यक्ष म्हणाले. "हे भिंत अशी बरी नाही दिसत. पाणी कुठून येऊन राहिलं ते सांग बरं."

अध्यक्ष गिरणीतले जुने कामगार, कामाचे पक्के. त्यांचं मत होतं की कवेलू फुटले आहेत. दुसऱ्या एकाचं मत होतं की भिंतीपलीकडच्या नळाचा पाइप गळतो. तिसरा म्हणाला, थंडीत श्वासानं भिंतीला घाम येतो. मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या. आजवर कोणी काही निदान करायला सांगितलं नव्हतं, सगळे उपायच मागायचे, त्यामुळे मी जरा फुशारलोच होतो.

कवेलूंचा प्रश्न लगेच सुटला. छतातून पाणी आलं तर भिंतीचा माथा आधी भिजेल आणि पावसाळ्यात भिजेल. इथे माथा खडखडीत, आणि उन्हाळ्याच्या तोंडावरही बूड ओलं. पाइप गळत असता तर गळतीभोवती डाग पडला असता, मध्ये गडद, कडेला फिका. इथे रेघ सगळ्या भिंतीभर सारखी होती आणि कोपऱ्यातून वळून आडव्या भिंतीवरही थोडी गेली होती. घामाचं पाहायला मी काचेचा एक तुकडा भिंतीवर ठेवून कडा मेणानं बंद केल्या. दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर दंव काचेच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे. खोलीतल्या हवेचा घाम असता तर तो काचेवर आपल्या बाजूला धरला असता. मग छिन्नीनं तीन उंचीवर विटेत भोकं पाडून आतली भुकटी काढली. खालची भुकटी मुठीत दाबली की लाडवासारखी वळत होती, मधली कमी, वरची सुकी. आणि प्रत्येक भोकात वरच्या थरापेक्षा आत जास्त ओल.

म्हणजे पाणी जमिनीतून चढत होतं. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं, विटेतून आणि चुन्यातून. जुन्या बांधकामात जोत्यावर ओल अडवणारा थर घालत नसत. चढलेलं पाणी भिंतीच्या अंगावरून हवेत उडून जातं. खालून जेवढं येतं तेवढंच वरून उडालं, की रेघ तिथेच थांबते. पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते तिथेच फुलतात. तोच लोणा.

भिंतीच्या पलीकडे गल्ली होती. गल्लीचा मुरूम दर एक-दोन वर्षांनी नवा टाकत, आणि जुना कोणी उचलत नसे, त्यामुळे गल्ली जोत्याच्या वर आली होती. शिवाय भिंतीला लागूनच सार्वजनिक नळ आणि त्याचा ओटा. नळाच्या पाण्यानं भिंत भिजू नये म्हणून ओटा बांधताना बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा करून दिला होता. चांगल्या हेतूनं केला होता, पण त्यामुळे भिंतीची ती बाजू बंद झाली. ओल बाहेर पडायला आता आतली बाजूच उरली होती, आणि ती ओल बाहेर सोडणाऱ्या चुन्याची असल्यामुळे काम भागत होतं.

हे सगळं मी कमिटीपुढे सांगितलं. बाहेरचा मुरूम जोत्याच्या खालपर्यंत उकरायचा, नळाचं पाणी भिंतीपासून लांब न्यायचं, सिमेंट झोडून काढायचं. आणि आत काहीच करायचं नाही, फार तर लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा.

"म्हंजे भिंत अशीच ठेवाची?" अध्यक्षांनी विचारलं.

"अशीच."

"पाहुण्याइले काय सांगू मंग? आमच्या इंजिनियरनं तपासली, म्हून अशी हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग पेंटरकाका उठले. ते कमिटीत कधी बोलत नसत. ते म्हणाले, "मी करून देतो. वाटरप्रूफ ऑइल पेंट. चित्राच्या खाली पट्टा मारतो, मंग पाणी चित्रापर्यंत जातच नाही."

मी त्यांना बाहेर नेलं.

"काका, रंग नका लावू."

"काहून?"

"ओल भिंतीच्या आंदर हाय. तुम्ही तोंड बंद केलं तं ते वर चढन. आता गुडघ्यावर हाय, मंग चित्रावर जाईन."

काकांनी माझ्याकडे बघितलं ते रागानं नाही, कीव आल्यासारखं. "पुरी जिंदगी रंग मारून राहिलो मी. सदर बाजारातल्या दुकानाच्या पाट्या पाह्य जाऊन. पावसात उभ्या हायेत, गंज नाही चढू देला. अन् तू मले सांगून राहिला का रंगानं पाणी वाढते?"

"ते पत्रा हाय काका. पत्र्याले पाणी बाहेरून लागते. भिंतीत ते मागून येऊन राहिलं."

"बाहेरून येवो का मागून. पाणी म्हंजे पाणी. आडवलं का आडलं."

या माणसाला काय सांगणार? त्याच्या आयुष्यभराच्या अनुभवात एकदाही रंगानं दगा दिला नव्हता. आणि मी तरी काय, पुस्तकात वाचलेलं आणि एक काचेचा तुकडा. शिवाय मी सांगत होतो की काही करू नका, आणि ते सांगत होते की तिच्यासाठी मी काहीतरी करतो. यात कोणाचं ऐकलं जाईल हे मलाही कळत होतं.

जयंतीला पट्टा झाला. गडद निळा, तुळतुळीत, वरच्या कडेला पांढरी बारीक रेषा. पाहुण्यांनी भिंतीला हात लावून बघितला. बायांच्या पाठी पांढऱ्या झाल्या नाहीत. अध्यक्ष येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायचे, "काय इंजिनियर?" मी म्हणायचो, उन्हाळा जाऊ द्या.

उन्हाळा जायची गरज पडली नाही. मे महिन्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. भिंतीतलं पाणी बाहेर यायला धडपडत होतं आणि समोर रंगाचा पापुद्रा. त्या पापुद्र्याच्या मागेच क्षार फुलू लागले. पट्ट्यावर तिळाएवढे फोड आले, मग पुरीएवढे. बोटानं दाबलं की फुटायचे आणि आतून पांढरी भुकटी गिलाव्यासकट खाली यायची. आणि पट्ट्याच्या वर, जिथे भिंत मोकळी होती, तिथे नवी मातकट रेघ दिसू लागली.

काकांनी ती बघितली आणि पट्टा वर वाढवला. मी पाया पडायचा बाकी राहिलो होतो. "पेंट कमी पडला गा," ते म्हणाले, "एक हातच मारला होता. आता दोन मारतो." पुढच्या थंडीपर्यंत रेघ चित्राच्या चौकटीला टेकली.

मग मी दुसरीकडून प्रयत्न केला. आत कोणी ऐकत नाही तर बाहेरून तरी पाणी तोडू. नळ चार पावलं सरकवला आणि गल्ली उकरली तरी अर्धं काम झालं असतं. मी नगरपालिकेत खेटे घातले. तिथल्या साहेबांनी बरोबर उत्तर दिलं की वस्तीची संमती आणा. संमतीसाठी मी बायांना ओट्यावर जमवलं. नळ काही दिवस बंद राहील असं म्हणालो आणि पहिला आवाज माझ्याच आईचा आला.

"नळ बंद करतो म्हणते! लय शिकला हा."

"माय, थोडे दिवस फक्त."

"सरकारचे थोडे दिवस मले नको सांगू. आमच्या वक्ती विहिरीवर बादली टाकू देत नव्हते. वरून कोणी वतलं तं पाणी, नाही वतलं तं तसंच घरी. हा नळ आणाले तुह्या बापानं किती चकरा मारल्या, याद नाही काय तुले? काढलेला नळ परत बसते काय कुठं?"

बाकीच्या बाया भांडी घेऊन उभ्या राहिल्या. मला राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. आईचं चूक नव्हतं. ज्या पाण्यासाठी तिनं मान खाली घातली, तेच पाणी त्या भिंतीत चढत होतं. मी ते बंद करा म्हणणारा कोण? मी घरी आलो आणि जेवलो नाही, आणि आईनं भाजी आवडली नसेल असा अर्थ काढून दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वडाभात केला.

पुढचं सांगायला जिवावर येतं. चित्राची खालची कड भुरभुरायला लागली. बायांच्या पांढऱ्या लुगड्यांचे काठ गेले, मग मांडीवरची लेकरं पुसट झाली. काका रोज ओल्या फडक्यानं लोणा पुसायचे. मी सांगितलं, ओलं फडकं नको, क्षार त्या पाण्यात विरघळून परत भिंतीत जातात. त्यांनी ते मात्र ऐकलं आणि कोरडा ब्रश घेतला. माझं त्यांनी ऐकलेलं तेवढंच.

एके दिवशी दुपारी मी विहारात गेलो तर आत उग्र वास. काका स्टुलावर बसून चित्रावर व्हार्निश मारत होते. पूर्ण चित्रावर. खालची ओळ झाली होती.

"काका!"

"चूप बस, हात हालते," ते म्हणाले. "आता पाणी तिच्यापर्यंत नाही येत."

खरं सांगतो, मी त्यांचा हात धरायला पुढे झालो होतो. पण मी तिच्याकडे बघितलं. व्हार्निशनं सगळे रंग जागे झाले होते. इतकी वर्षं धुळीनं मळलेला तिचा चेहरा ओला, काळासावळा, चमकदार दिसत होता, केसांची बट न् बट मोजता यावी इतका. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, कशी दिसून राहिली." मी म्हटलं, चांगल्या दिसतात काकू.

वस्ती लोटली ते बघायला. आईला तर आता स्वतःचं नाकही पटलं.

तो उन्हाळा मी मोजत काढला. व्हार्निश म्हणजेही पापुद्राच, पारदर्शक एवढंच. त्याच्यामागे काय चाललंय ते आता दिसत होतं. आधी तिच्या हनुवटीवर पांढरा ढग आला. मग तो गालावर गेला. काका म्हणायचे, व्हार्निश दुधाळलंय, घासलं की जाईल. भिंत घासायला त्यांचा हात मात्र उचलत नव्हता.

मी तिथे होतो त्या दिवशी. वंदना संपली होती, लोक उठत होते. आवाजही आला नाही फारसा. खपली पडावी तसा तिचा चेहरा व्हार्निशसकट, गिलाव्याच्या थरासकट सुटला आणि खाली चटईवर पडून त्याचे तुकडे झाले. मागे भिंतीवर जाड पांढरी लव, मीठ पसरल्यासारखी. काकांनी तुकडे गोळा करायला घेतले. जो तुकडा उचलावा त्याची हातात भुकटी होत होती. अध्यक्ष त्यांच्या शेजारी बसले आणि तेही उचलू लागले. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी मला तोंड वर करता आलं नसतं. मी बरोबर होतो. त्याचा त्या चटईवर कोणालाच उपयोग नव्हता.

नंतर काही वर्षांनी वस्तीत घरोघरी नळ आले. भिंतीजवळचा ओटा नको झाला आणि एका सकाळी नगरपालिकेनंच तो फोडून टाकला. आता कमिटी म्हणाली, तू म्हणत होता ते कर बाबा. मी सगळं केलं. गल्ली जोत्याच्या खालपर्यंत उकरून गिट्टी भरली, पाण्याला उतार दिला, बाहेरचं सिमेंट झोडलं. आतून ऑइल पेंट, व्हार्निश, सडलेला गिलावा, उरलंसुरलं चित्र, सगळं खरवडलं. विटा उघड्या ठेवून दिल्या. जाड भिंत सुकायला वेळ लागतो. लोक उघड्या विटांसमोर बसून वंदना करत राहिले आणि या वेळी कोणी कुरकुर केली नाही. मग चुन्याचा गिलावा केला, सफेदी केली. रेघ परत खाली गेली, जमिनीपासून वीतभर, आणि तिथेच थांबली.

काकांना बोलावलं. ते आता थकले होते, पण हात स्थिर होता. भुकटीचे रंग, सरस, सगळं पहिल्यासारखं. व्हार्निशचं नावही त्यांनी काढलं नाही. पिंपळ काढला, मैदान काढलं, माणसं काढली. माझ्या आईला समोर बसवून तिचं तरुणपणचं तोंड काढलं, ते कसं जमलं कोण जाणे. खालची ओळ त्यांनी शेवटी घेतली. सगळ्या बाया झाल्या आणि डावीकडे एक जागा राहिली. लुगडं काढलं, हात काढले, डोक्यावरचा पदर काढला. मग ब्रश धुऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. बाया जमल्या होत्या. एक म्हणाली, तिच्या गालावर तीळ होता, उजव्या. दुसरी म्हणाली, डाव्या. आई म्हणाली, तीळ नव्हताच वं, ते गोंदण होतं. काका प्रत्येकीचं ऐकत होते, मान हलवत होते, आणि ब्रश उचलत नव्हते.

"काका, आठवन हळूहळू," मी म्हणालो.

"नाही गा," ते म्हणाले. "मले तिचं तोंड कधीचंच याद नव्हतं. मी भिंतीवर पाहूनच याद करत होतो."

ती जागा त्यांनी तशीच सोडली. पुढच्या थंडीत ते गेले. भिंतीला हात लावून बघायची सवय मला अजून आहे, विहारात गेलो की मी डावीकडे त्या पदराखाली तळहात टेकतो. भिंत कोरडी असते.